मुदतवाढ, मदत आणि ‘असमाधानकारक’

प्रश्न: आमची महाप्याला कंपनी आहे. प्रोबेशन संपल्यावर आम्ही कन्फर्मेशन किंवा एक्स्टेन्शन यांपैकी एक पत्र देतो. आता ती मराठीतही द्यायची आहेत. ‘पुष्टीपत्र’ आणि ‘परिविक्षा विस्तार पत्र’ हे शब्द चालतील का? आणि एक्स्टेन्शनचं कारण कसं लिहावं, म्हणजे समोरच्याला अन्याय वाटणार नाही?

‘पुष्टीपत्र’ अजिबात नको. ठाण्यात आणि नवी मुंबईत गेली काही वर्षं हा शब्द इतक्या ठिकाणी ऐकतोय की कान किटले. ‘पुष्टी’मध्ये पुष् धातू आहे, पोसणं हा त्याचा अर्थ. पोषण, पुष्ट, पौष्टिक हे सगळे त्याच घरचे. मराठीत एखाद्या म्हणण्याला पुष्टी मिळते, म्हणजे त्याला बळ मिळतं. हिंदी बातम्यांमधली ‘पुष्टि’ जशीच्या तशी उचलून आपण ती नोकरीला चिकटवली. मराठीत बातमीला दुजोरा मिळतो, तिकीट पक्कं होतं आणि माणूस नोकरीत कायम होतो. ‘कायम’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ ‘उभा असलेला’. मुक्काम आणि किंमत हेही त्याच धातूचे. ‘स्थायी’मधला स्था धातूही उभं राहण्याचाच. म्हणजे गिरणीतल्या माणसाने ‘मी कायम झालो’ म्हटलं काय आणि शासनाने ‘स्थायी केले’ म्हटलं काय, चित्र एकच आहे: माणूस आता स्वतःच्या पायावर उभा आहे. पत्राला ‘सेवेत कायम केल्याचे पत्र’ म्हणा. लांब वाटेल, पण वाचणाऱ्याच्या आईलाही कळेल.

‘परिविक्षा’ हे लेखन चूक आहे. परि + वि + ईक्षा, म्हणून परिवीक्षा: रि ऱ्हस्व, वी दीर्घ. परीक्षेत री दीर्घ असते, कारण तिथे परि आणि ईक्षा थेट भेटतात. परिवीक्षेत मध्ये ‘वि’ येऊन बसतो आणि दीर्घत्व स्वतःकडे घेतो. कंपन्यांच्या पत्रांत या शब्दाची चारही रूपं मी पाहिली आहेत, एकदा तर एकाच पत्रात दोन.

आता ‘विस्तार’. विस्तार जागेचा होतो, व्यापाचा होतो, मंत्रिमंडळाचा होतो. काळाची मुदत असते आणि ती वाढते. म्हणून ‘परिवीक्षेस मुदतवाढ’. इथे शुद्धतावादी मंडळी माझ्यावर धावून येतात. मुदत अरबी आहे, तो काढा आणि ‘कालावधी विस्तार’ लिहा, असा त्यांचा आग्रह. त्यांना मी एकच सांगतो की ज्या शब्दाला हाकलताय तो आधी उघडून तर बघा. मुदतीच्या मुळाशी म-द-द हा अरबी धातू आहे, ताणणं, लांबवणं, पुढे पोचवणं या अर्थाचा. ताणलेला काळ ती मुद्दत. ती फारसीतून आपल्याकडे आली आणि मुदत झाली. आणि त्याच म-द-द पासून मदद, म्हणजे आपली मदत! लढणाऱ्या फौजेकडे मागून पाठवलेली कुमक, पुढे केलेला हात. मुदत आणि मदत या सख्ख्या बहिणी आहेत. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मी घरात सगळ्यांना हाका मारून सांगितलं होतं.

धातू एक आहे म्हणून अर्थ जोडायचे नसतात, असं एका जाणकारांनी मला ठणकावलं होतं. कोशापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या आस्थापना विभागात मी वीस वर्षं अशीच पत्रं लिहिली, आणि माझं ठाम मत आहे की मुदतवाढीच्या पत्राची खरी कसोटी या दोन शब्दांच्या नात्यातच आहे. पत्रात नुसती मुदत असेल आणि मदतीची एकही ओळ नसेल, तर ते पत्र म्हणजे लांबवलेली धाकधूक आहे. कंपनी तीन महिने जास्त बघणार, पण या तीन महिन्यांत ती स्वतः काय करणार? हे ज्या पत्रात लिहिलेलं नाही त्यातलं कारण वाचून माणसाला अन्यायच वाटणार.

उदाहरण घेतो. आमच्या नौपाड्यातल्या शेजाऱ्यांची मुलगी नवी मुंबईतल्या एका कंपनीत हिशेब विभागात लागली, २ जून २०२५ ला. परिवीक्षा सहा महिन्यांची. २ जूनपासून सहा महिने मोजले तर शेवटचा दिवस १ डिसेंबर येतो, २ डिसेंबर नव्हे. हा एक दिवस महत्त्वाचा आहे, त्याचं पुढे सांगतो. ऑगस्टमध्ये तिला कावीळ झाली आणि ती पाच आठवडे रजेवर होती. त्याच दिवसांत पुरवठादारांच्या बिलांसाठी नवं सॉफ्टवेअर आलं. त्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं तेव्हा ही अंथरुणात होती. परत आल्यावर ती बघून बघून शिकली. महिनाअखेरची बिलांची यादी पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी द्यायची असते. सप्टेंबरची यादी चार दिवस उशिरा गेली, ऑक्टोबरची दोन दिवस.

नोव्हेंबरच्या शेवटी पत्र आलं. त्यातलं वाक्य असं होतं: “आपली कामगिरी असमाधानकारक असून कामाप्रती आपली वृत्ती योग्य नसल्याने आपला परिविक्षा कालावधी विस्तारित करण्यात येत आहे.” पोरगी दोन दिवस जेवली नाही.

या वाक्यातले दोन शब्द तपासा. ‘असमाधानकारक’ म्हणजे समाधान न देणारं. कोणाला? समाधान हे बघणाऱ्याच्या मनात असतं, कामात नसतं. हा शब्द कामाबद्दल काहीच सांगत नाही, साहेबांच्या मनःस्थितीबद्दल सांगतो. ‘वृत्ती’चं तर त्याहून वाईट. वृत्ती कोणाला दिसत नाही. दिसतं ते वर्तन: यादी कधी आली, बिलात किती चुका होत्या, निरोप दिला की नाही. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, हा साधा नियम. आणि पाच आठवड्यांच्या आजारपणाला कामगिरीत ढकलणं ही तर सरळ चूक आहे. तिथे योग्य शब्द ‘अपुरे’ हा आहे. काम बघायला दिवस अपुरे पडले, यात तिची कामगिरी येतच नाही. ‘अपुरे’ आणि ‘असमाधानकारक’ हे दोन शब्द जो एकमेकांच्या जागी वापरतो, त्याच्या हातून अन्याय होणारच.

मी तिला पत्राचा मसुदा करून दिला आणि तो तिने तिच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला. मजकूर असा:

“आपला परिवीक्षा कालावधी १ डिसेंबर २०२५ रोजी पूर्ण होत आहे. या काळात आपण वैद्यकीय रजेवर असल्याने आपले काम पाहण्यासाठी दिवस अपुरे पडले. तसेच महिनाअखेरची बिलांची यादी तिसऱ्या कामाच्या दिवशी देणे अपेक्षित असताना सप्टेंबरची यादी चार दिवस व ऑक्टोबरची दोन दिवस उशिरा मिळाली. या प्रणालीचे प्रशिक्षण आपल्या रजेच्या काळात झाले होते. ते आपणास १२ डिसेंबरपूर्वी देण्यात येईल. परिवीक्षेस २ डिसेंबर २०२५ ते १ मार्च २०२६ अशी मुदतवाढ देण्यात येत आहे. जानेवारीच्या मध्यास आपल्या कामाचा एकत्र बसून आढावा घेतला जाईल व त्याची लेखी प्रत आपणास मिळेल. डिसेंबर व जानेवारीच्या याद्या वेळेत मिळाल्यास आपणास सेवेत कायम करण्यात येईल.”

उशीर लपवलेला नाही. तोही लिहिलाच पाहिजे, नाहीतर पत्र खोटं होतं. पण प्रत्येक वाक्य तपासता येतं. चार दिवस नव्हे, तीनच होते, असं ती म्हणू शकते आणि नोंद काढून दाखवू शकते. ‘तुझी वृत्ती वाईट’ याला माणूस काय उत्तर देणार? कारण न्याय्य आहे की नाही हे ओळखायची माझी खूण हीच आहे: ज्याला पुरावा देऊन खोडता येतं ते कारण, बाकीचा शेरा.

हा शेरा फाइलमध्ये पडून राहतो, हेही लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एस. एन. बोस केंद्राविरुद्ध दीप्ती प्रकाश बॅनर्जी या खटल्यात सांगितलं की परिवीक्षाधीन माणसाला काढल्याच्या आदेशात कलंक लावणारे शब्द नसले, तरी तो आदेश ज्या आधीच्या पत्रांचा हवाला देतो त्यांत ते असले तर आदेश कलंकित ठरू शकतो. खटला सार्वजनिक संस्थेचा होता आणि खासगी कंपनीला तो जसाच्या तसा लागेल असं नाही. पण शब्दांच्या दृष्टीने धडा सगळ्यांना सारखाच आहे: आज सहज टाकलेलं ‘वृत्ती’ उद्या वकिलाच्या हातात असतं.

आता त्या एका दिवसाचं. मुदतवाढीचं पत्र मुदत संपण्याआधी हातात पडायला हवं. संपलेली गोष्ट वाढत नाही, तिला नव्याने सुरू करावं लागतं, एवढं तर भाषाही सांगते. १ डिसेंबरला संपणारी परिवीक्षा ८ डिसेंबरच्या पत्राने ‘वाढवली’ तर मधल्या आठवड्यात ती मुलगी कोण होती? मुदत संपली की माणूस आपोआप कायम होतो, असं लोक छातीठोक सांगतात. तेही सरसकट खरं नाही. १९६८ च्या धरम सिंग खटल्यात शासकीय नियमांमध्ये परिवीक्षेची कमाल मर्यादा ठरलेली होती आणि ती उलटल्यावरही माणसं कामावर ठेवली होती, म्हणून न्यायालयाने त्यांना कायम मानलं. अशी कमाल मर्यादा नसेल तर नुसत्या गप्प बसण्याने सहसा कोणी कायम होत नाही. म्हणून नेमणूकपत्रात ‘जास्तीत जास्त’ हे शब्द आहेत का ते आधी बघा. कारखान्यातल्या कामगारांचा प्रश्न असेल तर नेमणूकपत्राच्याही आधी स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याच्या स्टँडिंग ऑर्डर्स, बघा, त्यांचं वजन जास्त.

त्या मुलीच्या कंपनीने मसुदा जवळपास तसाच घेतला, फक्त आढाव्याची लेखी प्रत देण्याची ओळ गाळली. ती मी असतो तर गाळू दिली नसती. तोंडी आढाव्यात काय ठरलं ते फेब्रुवारीत दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

कायम केल्याच्या पत्राबद्दल फार लिहायची गरज नाही, ते चार ओळींचंच असावं. पद, कोणत्या तारखेपासून कायम, नोटिशीची मुदत आता किती, आणि नेमणूकपत्रातल्या बाकीच्या अटी तशाच. तारीख मात्र पत्राची नको, परिवीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची घाला: “२ मार्च २०२६ पासून आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे.”