आधी आकडा, मग बाकीचं

प्रिय,

परवा तू मोबाईल पुढे केलास तेव्हा त्या मित्राच्या तीन ओळी मी दोनदा वाचल्या. ‘ओके. राहू दे. पैसे नकोत मला.’ एरवी प्रत्येक वाक्यात ‘भावा’ म्हणणारा मुलगा असा पूर्णविराम देऊन लिहितो, तेव्हा तो दुखावलाय हे तुला कळलंच आहे. तू लिहून ठेवलेलं उत्तरही वाचलं. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’, ‘पैशापुढे मैत्री’ वगैरे. ते पाठवू नकोस. अख्ख्या मजकुरात आकडा कुठेच नाही, आणि भांडण आकड्याचं आहे. आधी आकडा.

दापोलीच्या ट्रिपचा खर्च २१,७५० रुपये, माणसं पाच, तुझे ४,३५०. सगळे पैसे त्याने भरले होते. रविवारी रात्री तू यूपीआयने पाठवलेस, खात्यातून कापल्याचा मेसेज आला आणि तू निश्चिंत झालास. आठ दिवसांनी त्याने ग्रुपवर विचारलं, तर तू लिहिलंस, ‘पाठवलेत की, बघ नीट.’ तिघांच्या देखत!

पैसे कापल्याचा मेसेज म्हणजे पैसे पोचल्याची पावती नव्हे, हे मी तुला तेव्हाच म्हणालो. मधेच व्यवहार अडकला तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे ते पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. म्हणून ॲपमधली हिस्टरी सोडून थेट बँकेचं स्टेटमेंट उघडायला लावलं. सोमवारच्या तारखेला ४,३५० जमा. पैसे नऊ दिवस तुझ्याच खात्यात होते आणि परत आल्याचा मेसेज ऑफर्सच्या ढिगात पडून होता.

म्हणजे तो खरं बोलत होता. तू खोटं बोलला नाहीस, पण चूक तुझी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

तुझ्या वयाचा असताना माझा खोलीतला सोबती गावी परतला आणि मेसच्या हिशेबावरून त्याचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. मी चार पानं उत्तर लिहिलं. त्याच्या आजारपणात मी काय काय केलं, सगळं काढलं. ३५० रुपयांचा उल्लेखसुद्धा केला नाही, कारण ते लिहिणं मला हलकं वाटलं. पुढे वर्षभराने जुन्या वहीत सापडलं की ते ३५० मी दोनदा धरले होते. लगेच मनीऑर्डर केली. ती त्याने घेतली, पत्र मात्र पुन्हा कधी आलं नाही. पैसे मी बुडवले नाहीत, हे आजही ठामपणे सांगतो. पण चार पानांत एकदा वही उघडून बघण्याचं सुचलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी आकडा. पैसे आत्ता पाठव. तो ‘नकोत’ म्हणाला तरी पाठव. रागात सोडलेले पैसे माणूस विसरत नाही. त्याच्या खात्यात जमा झाल्याची खात्री कर आणि मग एवढंच लिही:

‘पैसे तुला मिळालेच नव्हते, तुझं बरोबर होतं. रविवारचे ४,३५० अडकून सोमवारी माझ्याच खात्यात परत आले आणि मी स्टेटमेंट न बघता ग्रुपवर “बघ नीट” म्हणालो. ते चुकलं. आज पुन्हा पाठवलेत, जमा झालेले दिसतील.’ खाली व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर.

स्क्रीनशॉट लावू नकोस; तो पुरावा मांडल्यासारखा दिसतो. नंबरवरून त्याला त्याच्या बँकेत शोधता येतं, तेवढं पुरे. ‘तूही फोन करून विचारायचं होतंस’ हे तुझ्या जिभेवर येईल. खरं असलं तरी आज ते लिहायचं नाही. त्याच्या थंड सुराबद्दलही चकार शब्द काढायचा नाही. तू सुराला उत्तर दिलंस की तो सुराचं उत्तर देईल आणि ४,३५० तिथेच राहतील.

स्टेटमेंटमध्ये पैसे परत आलेले नसते तर मजकूर वेगळा झाला असता: तारीख, रक्कम, यूटीआर, आणि ‘त्या दिवसाची नोंद एकदा बघशील का, नाहीतर मी बँकेत तक्रार करतो.’ तिथेही आकडाच आधी.

एक राहिलं. ‘बघ नीट’ तू ग्रुपवर म्हणालास, तेव्हा ‘चूक माझी होती, पैसे आज दिले’ हेही ग्रुपवरच जायला हवं. खासगीत माफी मागून हे टाळायचा विचार तुझ्या मनात आहे, मला चेहऱ्यावर दिसला. टाळू नकोस.

त्याचं नुसतं ‘मिळाले’ आलं तरी त्यावर काही लिहू नकोस. रविवारी त्याच्या घरी जा. दापोलीचे फोटो अजून त्याला दिलेले नाहीत ना? ते घेऊन जा.

तुझा,
काका