डिटेक्टरचे ४२ टक्के नेमके कशाचे?

“मुलीच्या बी.कॉम.च्या इंग्रजी प्रकल्पावर टर्निटिन या एआयचे लेखन ओळखणाऱ्या डिटेक्टरने ४२ टक्के एआय दाखवले. विषय म्हापशाच्या बाजारातले किरकोळ विक्रेते. सर म्हणतात, जवळजवळ अर्धे काम तिचे नाही. ती म्हणते, सगळे मीच लिहिले. आम्ही काय करावे?” – एक पालक, फोंडा

नमस्कार,

४२ टक्के म्हणजे मुलीने एआय वापरल्याची शक्यता ४२ टक्के, असे नव्हे. टर्निटिन आधी सलग परिच्छेदांतला मजकूरच निवडते. तक्ते आणि मुद्द्यांच्या याद्या मोजणीत धरत नाही. समजा, २००० शब्दांतले १४०० असे उरले. त्यांतल्या सुमारे ५९० शब्दांची धाटणी यंत्राच्या लेखनासारखी आहे, एवढाच या आकड्याचा अर्थ. लिहिताना कोण बसले होते, हे डिटेक्टरला दिसत नाही. तो आपला अंदाज शब्दांच्या क्रमावरून बांधतो, आणि पुढचा शब्द सहज ओळखू येईल अशी सरळ, ठरावीक वाक्ये त्याला संशयास्पद वाटतात.

प्रकल्पातले संशोधन पद्धतीचे प्रकरण नेमके अशाच वाक्यांचे असते. त्यात मुलगी मराठी प्राथमिक शाळेतून पुढे इंग्रजीत गेली असेल, तर तिची वाक्ये जपून लिहिलेली असणार. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. माणसांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. त्या सातांत टर्निटिन नव्हते, पण धोका कुठे आहे ते यावरून कळते.

समजा, २०० विद्यार्थ्यांपैकी २० जणांनी एआयकडून लिहून घेतले. डिटेक्टर त्यांतले १६ पकडतो आणि उरलेल्या १८० पैकी फक्त ५ टक्क्यांवर, म्हणजे ९ जणांवर, चुकून बोट ठेवतो. संशयित २५ झाले आणि त्यांतले ९ निर्दोष. यंत्र एरवी बरे चालत असूनही एक तृतीयांशाहून अधिक आरोप खोटे.

म्हणून आधी टर्निटिनचा पूर्ण अहवाल मागा आणि त्यात यंत्राची म्हणून रंगवलेली वाक्ये कोणत्या प्रकरणात आहेत ते पाहा. ती पद्धत आणि व्याख्या यांतच दाटली असतील, तर कारण उघड आहे. मात्र विक्रेत्यांच्या मुलाखतींचे विश्लेषणच रंगवलेले असेल, तर त्यातला तर्क मुलीला तोंडी सांगता यायला हवा. तो तिला सांगता येतो का, हे आधी घरीच, शांतपणे विचारा.

मग पुरावे जमवा: भरलेल्या प्रश्नावल्या, हस्तलिखित टिपणे आणि गूगल डॉक्समध्ये लिहिले असेल तर फाइल मेनूतला आवृत्ती इतिहास. त्यात मजकूर दिवसागणिक, खाडाखोड होत वाढलेला दिसतो. एकदम चिकटवलेला परिच्छेद असेल तर तोही दिसतो. ही फाइल आता दुरुस्त करू नका, नवी प्रतही करू नका; प्रतीबरोबर जुना इतिहास जात नाही.

हे सारे जोडून विभागप्रमुखांना मुलीच्या सहीचा अर्ज द्या, आणि गुण ठरवण्याआधी तोंडी परीक्षा घ्यावी अशी त्यात स्पष्ट मागणी करा.