सोलरवर 80 टक्के घसारा मिळतो का? फर्म आणि दुकान, दोघांचा हिशेब

"आमची पार्टनरशिप फर्म आहे, छोटं वर्कशॉप. छतावर 50 किलोवॅटचा सोलर बसवतोय, 20 लाख अधिक जीएसटी. सोलरवाला म्हणतो पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळेल आणि त्यावर 31 टक्के टॅक्स वाचेल. खरं आहे का? भावाचं शेजारी दुकान आहे, त्यालाही मिळेल का?"

80 टक्के हा दर 31 मार्च 2017 पर्यंतचा. त्यानंतर सोलरला घसारा 40 टक्के मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. तुम्ही उत्पादन करता आणि प्लँट नवा आहे, म्हणून पहिल्या वर्षी आणखी 20 टक्के अतिरिक्त घसारा मिळेल. नवी कररचना घेतलेल्या प्रोप्रायटरला किंवा 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दरातल्या कंपनीला हे 20 टक्के मिळत नाहीत. पार्टनरशिप फर्मला मात्र जुनी-नवी रचना हा प्रश्नच नाही, त्यामुळे तुमचा हक्क शाबूत आहे.

जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेणार असाल तर घसारा 20 लाखांवरच धरायचा. कराच्या रकमेवर घसाराही आणि क्रेडिटही, असं दोन्ही चालत नाही. म्हणजे 8 लाख आणि 4 लाख मिळून पहिल्या वर्षी 12 लाख.

पण 12 लाखांचे 31.2 टक्के, म्हणजे 3.74 लाख वाचतील असं धरू नका. पार्टनरांना जो पगार खर्चात धरता येतो, त्याची मर्यादा घसारा वजा करून उरलेल्या नफ्यावर ठरते: पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के (किंवा किमान 3 लाख), पुढच्या रकमेवर 60 टक्के. समजा घसाऱ्याआधीचा नफा 25 लाख आहे आणि डीडप्रमाणे तुम्ही पूर्ण मर्यादेइतका पगार घेता. सोलर नसता तर 16.8 लाख पगार बसला असता आणि फर्मला 8.2 लाखांवर कर लागला असता. सोलरमुळे नफा 13 लाखांवर येतो, पगार 9.6 लाखच बसतो आणि कर 3.4 लाखांवर लागतो. फर्मचं करपात्र उत्पन्न 12 नव्हे, 4.8 लाखांनीच कमी झालं. फर्मच्या खात्यावर बचत साधारण दीड लाख. उरलेले 7.2 लाख पार्टनरांच्या पगारातून गेले. दोन पार्टनर आहेत, दोघेही नव्या रचनेत आहेत आणि दुसरं उत्पन्न नाही, तर वर्षाला 12 लाखांपर्यंत प्रत्येकाला तसाही कर नाही. म्हणजे त्या 7.2 लाखांवर काहीच वाचलं नाही. कोटेशनच्या तक्त्यात हा भाग कधीच नसतो. कर्जाचे हप्ते त्या 3.74 लाखांच्या भरवशावर बसवण्याआधी सीएकडून हे गणित तुमच्या खऱ्या आकड्यांवर करून घ्या.

दुसरी गोष्ट तारखेची. ज्या वर्षी घेतला त्या वर्षी प्लँट 180 दिवसांपेक्षा कमी वापरला, तर दोन्ही घसारे निम्मे होतात. 31 मार्चपासून मागे मोजलं तर तो 3 ऑक्टोबरपर्यंत चालू व्हायला हवा. नोव्हेंबरात चालू झाला तर पहिल्या वर्षी 6 लाख. दुसऱ्या वर्षी उरलेल्या 14 लाखांवर 40 टक्के, म्हणजे 5.6 लाख, अधिक अतिरिक्तचा राहिलेला अर्धा भाग 2 लाख. रक्कम बुडत नाही, पुढे ढकलली जाते. दुसऱ्या वर्षी त्या 2 लाखांची नोंद राहून जाते, तेवढी आठवणीने तपासा.

इथे बिलाची तारीख चालत नाही. पॅनेल सप्टेंबरात चढली आणि नेट मीटर डिसेंबरात लागला, तर वाद तिथेच निघतो. मीटर बसल्याचा अहवाल, महावितरणची चालू करण्याची परवानगी आणि इन्व्हर्टरमधली पहिल्या युनिट्सची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवा. बिल फर्मच्याच नावावर हवं. एकाच माणसाला एका दिवसात 10 हजारांपेक्षा जास्त रोख दिलीत तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही, तेव्हा पैसे बँकेतूनच द्या.

आणि हा प्लँट सर्वसाधारण मशिनरीच्या 15 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये पडला नाही ना, हे घसाऱ्याच्या तक्त्यात स्वतः पाहा. बिलावर नुसतं 'इलेक्ट्रिकल वर्क' लिहिलेलं असेल तर ही चूक हमखास होते. बिलावर 'सोलर पॉवर जनरेटिंग सिस्टीम' आणि किलोवॅट लिहून घ्या. शेडचे पत्रे बदलले असतील तर त्याचं बिल वेगळं ठेवा, तो सोलरचा भाग नाही.

भावाला 40 टक्के मिळतील, उशिरा चालू झाला तर 20. तो माल विकतो, बनवत नाही, म्हणून अतिरिक्त 20 टक्के नाहीत. तो 44एडी खाली विक्रीच्या ठरावीक टक्क्यांवर रिटर्न भरत असेल तर घसारा वेगळा मिळतच नाही. उलट दरवर्षी तो घेतलाच असं मानून प्लँटची किंमत कागदावर खाली येत जाते, त्यामुळे पुढे नियमित हिशेबाकडे वळला तरी गेलेल्या वर्षांचा घसारा परत मिळत नाही. त्याने आधी हे ठरवावं, मग ऑर्डर द्यावी.