तुलना तपासताना गुण नेमके कशाला?

प्रश्न: बी.ए.च्या वर्गाला ‘बनगरवाडी’ आणि ‘कोसला’ यांची तुलना लिहायला दिली. बहुतेकांनी आधी एकीचं कथानक लिहिलंय, मग दुसरीचं, आणि शेवटी साम्य-भेदाच्या चार ओळी. माहिती बरोबर, भाषाही चांगली. गुण कसे द्यायचे?

उत्तर: मी पहिल्या वाचनात हातात फक्त पेन्सिल घेतो. दुसरी कादंबरी काढून टाकली की जे वाक्य कोलमडतं, तेवढ्याच वाक्याखाली रेघ मारतो. ‘दोन्ही कादंबऱ्यांत प्रथमपुरुषी निवेदन आहे’ याला रेघ नाही, ती नुसती नोंद झाली. पण एका मुलीने साधारण असं लिहिलं होतं: ‘बनगरवाडीतला मास्तर गावाचं ऐकून घेतो, म्हणून कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसं उभी राहतात, पांडुरंग सांगवीकर बोलतो तेव्हा मात्र समोरच्या माणसापेक्षा त्याचं बोलणंच जास्त लक्षात राहतं.’ इथे एक ‘मी’ दुसऱ्या ‘मी’मुळे नीट दिसतो. याला रेघ.

‘तर दुसरीकडे’, ‘याउलट’ या शब्दांना भुलू नका. परिच्छेदाआड परिच्छेद कादंबरी बदलणारी मुलंही पुष्कळदा दोन सारांशच लिहितात, फक्त तुकडे करून. आणि उलटही होतं: आधी सगळी बनगरवाडी, मग सगळी कोसला अशी मांडणी असली, तरी दुसऱ्या भागात मागे वळून पाहिलेलं असेल तर ती उत्तम तुलना असते. मांडणीचे वेगळे गुण ठेवू नका.

शेवट घेऊन बघा. दुष्काळात बनगरवाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. पांडुरंग पुण्यातून गावी परततो. इथवर कथानक. ‘मास्तराला गावच उरत नाही, पांडुरंगाचं गाव जागेवर असतं पण त्याचा जीव तिथे लागत नाही’ असं लिहिलं की तुलना सुरू झाली. त्यापुढे ‘म्हणून एकीत उजाडतं ते गाव, दुसरीत एकटा माणूस’ इथवर जो पोचला, त्याला वरचे गुण.

वीस गुणांची माझी वाटणी अशी: तुलनेला ८, आधाराला ६, दोन्ही कादंबऱ्यांच्या समजेला ४, भाषेला २. खरी मेख आधारात आहे. प्रसंग किंवा अवतरण रेघ मारलेल्या मुद्द्याला टेकू देत असेल तरच ते गुण, नाहीतर शून्य. ही अट नसेल तर सुबक सारांश आरामात १३-१४पर्यंत जातो. अट लावली की समजेचे ४, भाषेचे २ आणि शेवटच्या चार ओळींचे फार तर २, म्हणजे ८. मुलं कुरकुरतात. मग त्यांची वही त्यांच्यासमोर उघडायची आणि रेघा कुठे आहेत ते त्यांनाच शोधायला सांगायचं.

आता ही वाटणी आधी सांगितली नसेल, तर या खेपेला इतकं कडक होऊ नका; आधाराचे निम्मे गुण द्या आणि पुढच्या निबंधाआधी ही अट फळ्यावर लिहा.