प्रोजेक्ट समरीतून क्लायंटसाठी केस स्टडी कशी लिहावी?

प्रश्न: महापेच्या आयटी कंपनीत आहे. समरी स्प्रिंट, यूएटी, इंटिग्रेशनने भरलीय. क्लायंटला दाखवायची केस स्टडी कशी करू?

उत्तर: प्रत्येक वाक्याला विचारा, ‘मग ग्राहकाचं काय बदललं?’ उत्तर नसेल तर वाक्य काढा.

समजा समरीत आहे: ‘डब्ल्यूएमएस-ईआरपी इंटिग्रेशन तिसऱ्या स्प्रिंटमध्ये पूर्ण, यूएटी साइन-ऑफ मिळाला.’ स्प्रिंट आणि साइन-ऑफ तुमच्या मॅनेजरच्या कामाचे, ते गेले. उरलं इंटिग्रेशन. त्याआधी ग्राहकाच्या तुर्भ्यातल्या गोदामात काय चालायचं? कारकून संध्याकाळी साठ्याचे आकडे पुन्हा टाइप करायचा आणि सेल्सवाले कालच्या साठ्यावर आजच्या ऑर्डरी घ्यायचे. म्हणजे वाक्य झालं: ‘गोदामातून माल निघताच सेल्सला शिल्लक साठा दिसतो, त्यामुळे नसलेल्या मालाची ऑर्डर घेतली जात नाही.’

फायद्याचा आकडा समरीत बहुधा नसतोच, तिथे तुमचेच तास मोजलेले असतात. गोदामाच्या सुपरवायझरकडून माल नसल्यामुळे रद्द झालेल्या ऑर्डरी घ्या, आधीच्या आणि नंतरच्या. दिवाळीचा महिना जूनशी ताडून बघू नका. शक्यतो मागच्या वर्षीचा तोच महिना धरा. आकडा मिळाला नाही तर वरचं वाक्य तसंच ठेवा, ‘लक्षणीय सुधारणा’ असलं काही घुसडू नका.

ग्राहकाचं नाव आणि आकडे छापायची परवानगी मेलवर घ्या. नाही मिळाली तर ‘नवी मुंबईतला एक वितरक’ चालतं.