६४ अंशांवर अंड्याचं पांढरं का वाहतं?

प्रश्न: "६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अंडं तासभर ठेवलं. बलक छान दाट झाला, पण फोडल्यावर पांढरं वाहून गेलं. माझं तापमान चुकतंय का? नेमकं किती ठेवू?"

तापमान बरोबर आहे. ६४ अंशांवर अंडं असंच होतं, कारण पांढरं आणि बलक दोन्ही एकाच वेळी हवे तसे जमतील असा एक आकडा अस्तित्वातच नाही. "परफेक्ट अंड्याचं तापमान" म्हणून जे आकडे फिरत असतात, त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे.

पांढरं म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि त्यात विरघळलेली वेगवेगळी प्रथिनं. त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन ६१-६२ अंशांपासून जमायला लागतं, पण ते एकूण प्रथिनांच्या जेमतेम १२ टक्के आहे. त्याच्या जोरावर पांढरं दुधी होतं आणि थरथरत्या जेलीसारखं धरतं, एवढंच. निम्म्याहून जास्त वाटा ओव्हाल्ब्युमिनचा असतो आणि ते साधारण ८० अंशांपर्यंत दाद देत नाही. शिवाय कवचालगतचं पांढरं मुळातच पातळ असतं, त्यामुळे ६४ अंशांवर ते फोडताक्षणी वाहून जातं.

बलकाचं गणित निराळं आहे. त्यात पाणी निम्मंच, उरलेल्या भागात चरबी आणि तिला बांधलेली प्रथिनं अगदी दाटीवाटीने असतात. तो ६५ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो आणि ७० ला चटकन बसतो. म्हणजे जमायची सुरुवात पांढऱ्यात आधी होते, पण पूर्ण घट्ट व्हायला पांढऱ्यालाच जास्त उष्णता लागते. तुमच्या अंड्याचं कोडं एवढंच आहे.

"किती अंश?" हा प्रश्न बलकाच्या बाबतीत अपुरा आहे तो याचसाठी. बलक तापमानाबरोबर वेळही मोजतो. ६३-६४ अंशांवर पाऊण तासाने तो दाट सायीसारखा ओघळतो, तिथेच आणखी तासभर ठेवला तर घट्ट होत जातो. ६७ अंशांवर तासाभरात चमच्याने उचलता येईल असा मऊ गोळा मिळतो. वेळ न सांगता नुसता आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आता उपाय. उकळतं अंडं वर्षानुवर्षं जमत आलंय, कारण उष्णता बाहेरून येते आणि पांढरं बाहेर असतं. ते ८० ओलांडतं तेव्हा बलक अजून बराच थंड असतो. याचाच फायदा घ्या. साधारण ६० ग्रॅमचं अंडं झाऱ्याने अलगद उकळत्या पाण्यात सोडा, ३ मिनिटांनी काढून १-२ मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवा आणि मग ६४ अंशांच्या पाण्यात ४५ मिनिटं ठेवा. बाहेरचं पातळ पांढरं पहिल्या टप्प्यातच बसतं आणि बलक दुसऱ्या टप्प्यात सावकाश दाट होतो. हा क्रम उलटा करू नका. बलक आधीच ६४ वर असेल, तर उकळत्या पाण्यात तो घट्ट व्हायला फारसा वेळ लागत नाही. बर्फाचं पाणीही टाळू नका, नाहीतर पांढऱ्यात साठलेली उष्णता आत सरकत राहते.

२०२५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हेच तत्त्व आणखी पुढे नेलं. उकळतं पाणी आणि ३० अंशांचं पाणी यांत अंडं दर २ मिनिटांनी हलवत एकूण ३२ मिनिटं शिजवलं. पांढरं गरम-गार होत जमलं आणि बलक मधल्या सरासरीवर, सुमारे ६७ अंशांवर राहिला. म्हणजे दोघांना दोन वेगळी तापमानं द्यावी लागतात हे माझं म्हणणं तिथेही खरं ठरलं. रोजच्या स्वयंपाकात मात्र एवढी हालवाहालव कोणी करणार नाही.

पाणी एकाच तापमानाला धरून ठेवणारं यंत्र नसेल तर नुसतं उकळा. खोलीच्या तापमानाचं मध्यम अंडं ६ मिनिटांत वाहता बलक देतं, ८ मध्ये मधोमध मऊ, १२ मध्ये पूर्ण घट्ट. फ्रिजमधल्याला साधारण एक मिनिट जास्त द्या. बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसलं की समजा उष्णता जास्त झाली: पांढऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड वायू बलकातल्या लोहाला भिडला.

हे मिनिटांचे आकडे समुद्रसपाटीजवळचे आहेत. दर ३०० मीटर उंचीला पाणी साधारण एक अंश कमी तापमानाला उकळतं, तेव्हा डोंगरावर वेळ वाढवा. आणि गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं किंवा आजारी माणूस खाणार असेल तर ६४ चा नाद सोडा, दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत उकळा.