'सा विद्या या विमुक्तये' : अर्थ किती आणि पदरचं किती?

प्रश्न : आमच्या शाळेच्या बोधचिन्हावर 'सा विद्या या विमुक्तये' आहे. गॅदरिंगच्या पत्रिकेत त्याचा सोप्या मराठीत अर्थ द्यायचाय. मी 'जी मुक्ती देते ती विद्या' असं लिहिलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या हे फार कोरडं वाटतं, आणि त्यांनी केलं 'जे आपल्याला अज्ञान, अंधश्रद्धा आणि गरिबी यांतून मुक्त करतं तेच खरं शिक्षण'. हे चालेल का? एवढं पदरचं घालायची मुभा असते का?

उत्तर :

अज्ञान चालेल, अंधश्रद्धा ओढूनताणून बसेल, गरिबी मात्र अजिबात चालणार नाही, कारण ती मूळ श्लोकाच्या बरोब्बर उलट जाते. आणि 'तेच खरं' मधला जो 'च' बाईंनी घातलाय तो मूळात नसूनही मला मान्य आहे. आता हे असं का, ते सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या चिन्हावर आहे तो श्लोक नाही, श्लोकाचा पाव भाग आहे. हा श्लोक विष्णुपुराणातला, पहिल्या अंशाच्या एकोणिसाव्या अध्यायातला. पूर्ण असा:

तत्कर्म यन्न बन्धाय सा विद्या या विमुक्तये ।
आयासायापरं कर्म विद्यान्या शिल्पनैपुणम् ॥

गंमत अशी की चिन्हांवर, पाट्यांवर, सर्टिफिकिटांवर सगळीकडे दुसरा चरण एकटाच फिरतो, आणि दुसरी ओळ कुणी वाचतच नाही. ती वाचली असती तर काही ठिकाणी हे वाक्य लावलंच नसतं असं मला वाटतं, पण ते पुढे.

आधी नुसते शब्द सुटे करू. जे बंधाला कारण होत नाही ते कर्म. जी विमुक्तीला कारण होते ती विद्या. दुसरं (अपरं) कर्म आयासाला कारण होतं. दुसरी (अन्या) विद्या म्हणजे शिल्पनैपुण. झालं, एवढंच आहे. 'आयासायापरं' वाचताना लोक कधीकधी 'आयासाय परं' असं तोडतात, म्हणजे 'श्रेष्ठ कर्म दमवणारं असतं' असा भलताच अर्थ निघतो, पण तिथे 'या' दीर्घ आहे ना, त्यातच पुढच्या 'अपरं'चा अ जिरलाय, नुसतं 'परं' असतं तर 'आयासायपरं' झालं असतं.

आता 'विमुक्तये' ही चतुर्थी. शाळेत आपण चतुर्थी म्हटलं की 'साठी' शिकलो, म्हणून बरेच जण 'मुक्तीसाठी असते ती विद्या' असं करतात. चूक नाही म्हणता येणार, पण संस्कृतात चतुर्थी हेतू दाखवते तशी परिणामही दाखवते. 'उपदेशो हि मूर्खाणां प्रकोपाय न शान्तये' आठवा. मूर्खाला उपदेश आपण त्याला राग यावा 'यासाठी' करत नाही, पण होतो मात्र राग. आपल्या श्लोकात कुठली छटा घ्यायची हे 'आयासाय' वरून ठरतं, कारण दमावं म्हणून कुणी काम करत नाही, काम करून माणूस दमतो. म्हणजे तिथे परिणामच आहे, आणि एकाच श्लोकात बन्धाय, विमुक्तये, आयासाय अशा तीन चतुर्थ्या एका माळेत आल्यात तर तिन्हींना एकच छटा देणं सरळ पडतं. म्हणून मी 'मुक्तीकडे नेते' म्हणेन. तुमचं 'मुक्ती देते' पण ठीक, फक्त 'देते' म्हटलं की विद्या काहीतरी हातात ठेवते असं वाटतं, एवढंच.

'वि' वर फार लिहू नका. 'विशेष मुक्ती', 'विविध प्रकारची मुक्ती' असले अर्थ मी ऐकलेत. 'वि'मुळे थोडा जोर येतो हे खरं, पण चरणाला आठ अक्षरं लागतात आणि 'सा विद्या या मुक्तये' ही सातच होतात, हेही खरं. ज्या अक्षराची छंदालाही गरज आहे त्याच्यावर तत्त्वज्ञानाचा मजला चढवू नये.

खरी अडचण मराठीत तसेच राहिलेले शब्द करतात, म्हणजे दिसायला तेच पण अर्थ सरकलेला. 'कर्म' म्हटलं की मराठी माणसाला 'कर्म माझं!' आठवतं. 'आयास' एकटा फारसा उरला नाही, पण 'विनासायास', 'अनायासे' मध्ये शिल्लक आहे, त्यावरून अर्थ लागतो, दमणूक, कष्ट. आणि सगळ्यात फसवा शब्द 'शिल्प'. यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात रविवारी संस्कृतचा क्लास चालायचा, तिथल्या छोट्याशा प्रदर्शनासाठी मी सुभाषितांचे तक्ते केले होते आणि ह्या श्लोकाखाली झोकात लिहिलं, 'बाकीची विद्या म्हणजे केवळ शिल्पकलेतलं नैपुण्य'. सर तक्त्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अस्सं. म्हणजे मूर्तिकार तेवढा बंधनात, सुतार सुटला?" मी गप्प. मग घरी येऊन आपट्यांचा कोश उघडला (वामन शिवराम आपटे, आपल्या पुण्याचेच, कोश 1890 चा) तर शिल्प म्हणजे कुठलीही कला, कारागिरी, हातातलं कौशल्य. मराठीत तो शब्द आकसून मूर्तीपुरता राहिलाय. तेव्हापासून मी 'शिल्पनैपुण' ला 'कारागिरीतलं कसब' म्हणतो. आणि हो, त्या तक्त्यातला 'केवळ' पण माझा होता, मूळात नाही, पण त्यावर सरांनी काही म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

का बरोबर होतं? कारण हे कोण कुणाला बोलतंय ते बघा. हे प्रल्हाद बोलतोय, हिरण्यकशिपूला. पोराला मारायचे उपाय करून बाप थकलाय, मग पुन्हा गुरूकडे पाठवलंय, गुरूने राजनीती शिकवली आणि आता बाप परीक्षा घेतोय की मित्राशी कसं वागायचं, शत्रूशी कसं. प्रल्हाद म्हणतो, साम, दान, दंड, भेद सगळं शिकवलं मला, मी शिकलोही, पण पटलं नाही, मला मित्र-शत्रू असा भेदच दिसत नाही तर ही साधनं घेऊन करू काय? आणि आपल्या श्लोकाच्या अगदी आधी तो म्हणतो, बाबा, अविद्येलाच विद्या समजणं हे अज्ञानातून होतं, लहान मूल काजव्याला विस्तव नाही का समजत? आणि मग लगेच 'तत्कर्म यन्न बन्धाय'.

म्हणजे इथे 'अन्या विद्या' हे काही सुतार-लोहाराला हिणवणं नाहीये. नुकताच ज्या राजनीतीत तो पास झालाय तीच त्याच्या डोळ्यासमोर आहे, आणि तो राजाला तोंडावर सांगतोय की तुमची राजनीती हे एक कसब आहे, विद्या नव्हे. काजवा चमकतो, पण त्यावर भाकरी भाजत नाही (हे माझं, प्रल्हादाचं नाही!). इतकी ठणठणीत विभागणी समोर असताना 'तीच विद्या', 'खरी विद्या', 'नुसती दमणूक', 'केवळ कसब' हे शब्द मराठीत घालावेच लागतात, नाहीतर वाक्य मिळमिळीत होतं. संस्कृतात 'तत्… यत्', 'सा… या' या जोडीने आणि समोर 'अपरं', 'अन्या' ठेवून जे काम होतं ते मराठीत आपण 'च' आणि 'खरं' ने करतो. याला मी पदरचं म्हणतच नाही.

आता बाईंच्या वाक्याकडे या. मी एक साधी गोष्ट करतो, अर्थातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारतो की हा मूळात कुठून आला. चरणात नसेल तर श्लोकात, श्लोकात नसेल तर मागच्यापुढच्या श्लोकांत. 'अज्ञान' हा शब्द लगेच आधीच्या श्लोकात अक्षरशः आहे, काजव्याच्या उपमेत. पास. तरी नीट बघितलं तर श्लोकात मुक्ती 'बंधा'तून आहे, कर्माच्या बंधनातून, पण अज्ञान त्याच्या मुळाशी असल्याने बसतं. 'अंधश्रद्धा' साठी बोट ठेवायला जागा नाही, तो आजचा शब्द आणि आजची काळजी आहे, वाईट नाही पण प्रल्हादाच्या तोंडी घालू नये, भक्तच तो. आणि 'गरिबी'. गरिबीतून माणसाला काय सोडवतं हो? हातातलं कसब. आयटीआय, डिप्लोमा, टायपिंग, शिवणकाम, जे काय असेल ते. म्हणजे श्लोक ज्याला 'अन्या' म्हणून बाजूला काढतो तीच नेमकी आपण 'सा विद्या' च्या जागी नेऊन बसवली. हे भर घालणं नाही झालं, पाट्यांची अदलाबदल झाली. (तंत्रशिक्षणाच्या इमारतींवर हे वाक्य दिसलं की मला म्हणूनच हसू येतं. आत शिल्पनैपुण, बाहेर विमुक्ती.)

याचा अर्थ शाळेने गरिबी घालवू नये असा नाही, कृपया माझ्यावर घसरू नका. कसब हवंच. फक्त ते मत आपलं आहे, श्लोकाचं नाही.

'विद्या' चं 'शिक्षण' केलंय तेही मी बदलेन. शिक्षण घ्यायचं असतं, विद्या अंगी येते, आणि मराठीत विद्या शब्द सगळ्यांना कळतो तर तो कशाला घालवायचा.

तर पत्रिकेसाठी, जागा कमी असेल तर 'मुक्तीकडे नेते तीच खरी विद्या' एवढंच छापा, जागा असेल तर पूर्ण द्या: 'बंधनात अडकवत नाही तेच खरं कर्म, मुक्तीकडे नेते तीच खरी विद्या. बाकीचं कर्म म्हणजे नुसती दमणूक आणि बाकीची विद्या म्हणजे केवळ कारागिरीतलं कसब.' बाईंचं वाक्य टाकायचंच असेल तर 'अर्थ' या शब्दाखाली नको, खाली वेगळं, 'आमची शाळा यातून काय घेते' असं लिहून द्या, मग त्यात गरिबी, अंधश्रद्धा सगळं खुशाल येऊ दे, कुणी हरकत घेणार नाही.

आणि पूर्ण श्लोक छापणार असाल तर प्रूफ स्वतः बघा. डीटीपीवाला 'नैपुणम्' हमखास 'नैपुण्यम्' करतो, त्याला वाटतं टायपो आहे. दोन्ही शब्द संस्कृतात आहेत आणि अक्षरंही आठच राहतात, त्यामुळे मोजून सापडत नाही. पण अनुष्टुभात दुसऱ्या आणि चौथ्या चरणातलं सातवं अक्षर लघु लागतं, आणि पुढे 'ण्य' आला की 'पु' गुरू होतो. मोठ्याने म्हणून बघा, शेवटाला जीभ अडखळली तर प्रूफ परत पाठवा.